किती उचलू? कॅन्सरच्या उपचारांनंतर ताकदीचा व्यायाम

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कॅन्सर रुग्णांची वाट बहुधा ठरलेली असते. कुणी कर्जत किंवा खोपोलीहून लोकल धरून परळला टाटा मेमोरियलला जातं, कुणी चौक-पनवेल मार्गे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला. ऑपरेशन होतं, केमो होते, रेडिएशनच्या खेपा संपतात. शेवटी घरी निघताना बाई विचारते, "आता काम केलं तर चालेल ना?" त्यावर कुठल्याही रुग्णालयात सर्रास मिळणारं उत्तर असतं, "करा, पण जड उचलू नका."

हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. जड म्हणजे किती? कोणत्या हाताने? किती दिवस? आणि उचलायचंच असेल तर त्याची तयारी कशी करायची? ही उत्तरं न मिळाल्यामुळे गावात दोन टोकं दिसतात. काही जणी पाच-पाच वर्षं त्या हाताने तांब्यासुद्धा उचलत नाहीत. खांदा आखडतो, दंड वाळतो, आणि अशक्त हात एके दिवशी बादली सावरताना दुखावतो. दुसऱ्या काही जणींच्या घरी पाणी भरायला दुसरं कुणी नसतं. टाके सुकतात न सुकतात तोच त्या डोक्यावर हंडा घेतात.

या दोन टोकांच्या मधली वाट आज वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. इथे मुख्यतः स्तनाचा आणि तोंडाचा कॅन्सर विचारात घेतला आहे. दोन्हींच्या ऑपरेशनचा घाव शेवटी खांद्यावर येतो, आणि शेतावर, विहिरीवर, कारखान्यात राबणाऱ्या माणसाचं पोट खांद्याच्या जोरावर चालतं.

बंदी कुठून आली, आणि ती सैल कशी झाली

स्तनाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे बोलीभाषेत गाठी, काढाव्या लागतात. हातातलं लसिकाद्रव या गाठींमधून परत रक्तात जातं. गाठी काढल्या आणि वर रेडिएशनही झालं, तर हा निचरा मंदावतो. काही बायकांच्या हाताला महिन्यांनी किंवा वर्षांनी सूज येते, ती टिकून राहते आणि वाढतही जाते. तिला लिम्फोडिमा म्हणतात. जड कामाने हातातलं द्रव वाढेल, निचऱ्यावर ताण येईल आणि सूज बळावेल, असा जुना तर्क होता. तर्क सरळ होता, पण तो तपासून पाहिलेला नव्हता.

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी तो तपासायला घेतला. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ बायकांना त्यांनी आधी व्यायामाने तयार केलं आणि मग ड्रॅगन बोट वल्हवायला लावली. वल्हवणं म्हणजे हाताने तोच तोच, जोराचा श्रम, म्हणजे नेमकं जे करू नका असं सांगितलं जायचं तेच. तरी कुणालाही नव्याने सूज आली नाही. प्रयोग छोटा होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, पण त्याने प्रश्न उघडा केला.

नेमकं उत्तर अमेरिकेतल्या डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांच्या दोन चाचण्यांनी दिलं. पहिली २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आधीच हाताला सूज असलेल्या १४१ बायका होत्या. निम्म्या जणींनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. दोन्ही गटांत सूज वाढलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं, ११ आणि १२ टक्के. सूज अचानक भडकण्याचे प्रसंग मात्र व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के जणींच्या वाट्याला आले आणि न करणाऱ्यांत २९ टक्के. दुसरी चाचणी २०१० ची. तिच्यात सूज नसलेल्या, पण काखेतल्या गाठी काढलेल्या १५४ बायका होत्या. वर्षभरात हात सुजला तो व्यायाम करणाऱ्यांपैकी ११ टक्के आणि न करणाऱ्यांपैकी १७ टक्के जणींचा. ज्यांच्या पाच किंवा जास्त गाठी काढल्या होत्या त्यांच्यात हा फरक ७ आणि २२ टक्के इतका होता.

या आकड्यांपेक्षाही त्या चाचण्यांची पद्धत आपल्या उपयोगाची आहे. हाताचा व्यायाम जवळजवळ शून्य वजनाने सुरू झाला. पहिले १३ आठवडे प्रशिक्षक समोर उभा होता. दोन सत्रं हातात कुठलाही बदल न जाणवता पार पडली, तरच वजन वाढवायचं, आणि तेही शक्य तितकं थोडं. सूज असलेल्या जणी व्यायामाच्या वेळी दाब देणारी बाही घालत आणि हाताचं माप नियमित घेतलं जाई. वजनाला वरची मर्यादा मात्र ठेवलेली नव्हती. या पायरीने जाऊन जिला जितकं झेपलं तितकं तिने उचललं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये कारण निराळं असतं. मानेतल्या गाठी काढताना खांदा वर उचलणाऱ्या स्नायूची नस ताणली जाते, दुखावते, कधी कापावीही लागते. मग खांदा खाली ओघळतो, हात डोक्याच्या वर जात नाही आणि मानेपासून दंडापर्यंत ठणका राहतो. २००८ मध्ये कॅनडातल्या मार्गारेट मॅकनीली यांनी अशा ५२ जणांवर केलेल्या चाचणीत, १२ आठवडे पायरीपायरीने वाढवलेल्या ताकदीच्या व्यायामाने खांद्याचं दुखणं आणि अडचण नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा जास्त कमी झाली. तुटलेली नस याने जुळत नाही, पण पाठीचे बाकीचे स्नायू तिचं काम वाटून घ्यायला शिकतात.

अशा अभ्यासांचा एकत्र विचार करून अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा साधा आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास दमदार चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि त्यात प्रत्येक हालचालीच्या दोन फेऱ्या, आठ ते पंधरा वेळा. थकवा, हालचालीची क्षमता आणि जगण्याची गुणवत्ता यांत एवढ्याने फरक पडतो, याचा पुरावा भक्कम आहे.

या पुराव्याची हद्दही सांगायला हवी. आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर झालेली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली चॅलेंज चाचणी गाजली. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्के लोक पाच वर्षांनंतर आजाराविना होते, दुसऱ्या गटात ७४ टक्के. पण तो व्यायाम प्रामुख्याने चालण्याच्या जातीचा होता. म्हणून वजनं उचलल्याने कॅन्सर परतत नाही, असं आज कुणी सांगू नये. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० महिलांवर केलेली योगाची चाचणी २०२२ मध्ये मांडली गेली. थकवा आणि दुखणं कमी करायला योग चांगला, पण दहा किलोची कळशी उचलण्याची तयारी करायची तर स्नायूंवर वजनच यावं लागतं.

राबणं आणि व्यायाम

इथे आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न येतो. "आमच्या बायका दिवसभर राबतातच, त्यांना निराळा व्यायाम कशाला?" तुंगी-खांडस पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांत एप्रिल-मेमध्ये पाणी लांबून आणावं लागतं. जूनअखेर आवणी सुरू झाली की तासन् तास कमरेत वाकून काम असतं. श्रम कमी नाहीतच.

पण श्रमाचं वजन कामावरून ठरतं, अंगावरून ठरत नाही. मोठा हंडा भरला की पंधरा किलोच्या घरात जातो. आज दोन किलो आणि पुढच्या आठवड्यात अडीच, अशी सोय त्यात नसते. काम संपेपर्यंत थांबता येत नाही, एकाच बाजूवर भार येतो आणि थकल्यावर पवित्रा बिघडतो. श्मिट्झ यांच्या चाचणीतलं संरक्षण वजनाच्या पायरीत होतं आणि थांबून हात तपासण्यात होतं. ते कामात आपोआप येत नाही. म्हणून "चाचणीत बायकांनी वजनं उचलली" या आधारावर कुणाला थेट विहिरीवर पाठवणं हा त्या चाचणीचा उलटा अर्थ झाला. व्यायामाने हात कामासाठी तयार होतो, आणि तोवर कामाचा भार घरातल्या इतरांनी उचलायचा असतो.

थकव्याचा हिशोब

कॅन्सरचा थकवा दिवसभराच्या दमण्यासारखा नसतो. तो केलेल्या कामाच्या मानाने फार जास्त असतो आणि झोपून उठल्यावरही जात नाही. उपचार संपल्यावर काही महिने, काहींना वर्षंही तो राहतो. त्यामुळे "भरपूर आराम कर, आपोआप जाईल" हा मायेने दिलेला सल्ला लागू पडत नाही. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग तेच काम करायला जास्त दम लागतो आणि थकवा आणखी वाढतो.

व्यायाम सुरू करण्याआधी थकव्याची दुरुस्त होणारी कारणं शोधायला हवीत. पहिलं कारण रक्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. त्यावर केमोची भर पडली तर हिमोग्लोबिन आणखी घसरतं. दुसरं थायरॉइड, विशेषतः मानेला रेडिएशन मिळालं असेल तर. तिसरं रात्रीची झोप आणि न सांगितलेलं दुखणं. चौथं मन. ‘आता काही उरलं नाही’ अशी उदासी थकव्याच्या रूपात बोलते. पाचवं जेवण. तोंडाच्या ऑपरेशननंतर पेजेवर राहणाऱ्या माणसाला स्नायू बांधायला प्रथिनं मिळत नाहीत. डाळ, अंडी, सुकट, दूध पातळ करून पोटात गेलं नाही, तर व्यायामाने उलट झीजच व्हायची. यातल्या रक्ताच्या तपासण्या करायला मुंबईला जाण्याची गरज नाही. त्या तालुक्यात होतात.

मग गती सांभाळणं येतं. बहुतेकांची चूक एकाच प्रकारची असते. बऱ्या दिवशी साठलेलं सगळं काम उरकायचं, मग दोन दिवस अंथरुणात, पुन्हा बरं वाटलं की तेच. यावर उपाय आहे तो अंदाज सोडून आकडा धरण्याचा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्याच्या चौकटीत रोज सकाळी एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे थकवा अजिबात नाही, दहा म्हणजे उठवतही नाही. तीनपर्यंत असेल तर ठरलेला व्यायाम पूर्ण करायचा. चार ते सहा असेल तर तेच वजन ठेवून एकच फेरी करायची. सात किंवा त्यावर असेल तर त्या दिवशी वजनं नाहीत, जमलं तर अंगणात सावकाश दहा मिनिटं चालायचं. सात लागोपाठ काही दिवस टिकला, तर व्यायाम आणखी कमी करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

व्यायाम जास्त झाला का, हे त्याच वेळी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. स्नायू थोडे अवघडले तर हरकत नाही. पण दुसऱ्या सकाळी आकडा नेहमीपेक्षा दोनने वर असेल आणि संध्याकाळपर्यंत उतरला नसेल, तर मागचं सत्र अंगाला झेपलेलं नाही. पुढच्या वेळी साधारण तिसरा हिस्सा कमी करावा.

रुग्णालयाची खेपही या हिशोबात धरावी. कर्जत ते मुंबई सीएसएमटी हे शंभर किलोमीटरचं अंतर आहे. पहाटेची लोकल, रांगा, तपासण्या आणि परतीचा प्रवास मिळून तो दिवस कुठल्याही व्यायामापेक्षा भारी असतो. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णांना प्रवास करता येतो, तिथे बसायला मिळण्याची शक्यता जास्त, ती सोय घ्यावी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम ठेवू नये, आणि त्यासाठी वाईटही वाटून घेऊ नये.

मर्यादा ठरवायची ती कागद पाहून

"व्यायाम केला तर चालेल का?" असं विचारलं की "हो, थोडा थोडा" असं उत्तर येतं. प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमकं मिळतं. पुढच्या तपासणीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

- माझ्या काखेतल्या किंवा मानेतल्या किती गाठी काढल्या? रेडिएशन काखेला मिळालं का?
- हाडांत आजार आहे का? हाडं ठिसूळ झाली आहेत का?
- हृदयावर परिणाम करणारं औषध मिळालं का? शेवटचा इको कधीचा, कसा?
- ऑपरेशनची जागा वजन घेण्याइतकी भरली का? कोणत्या तारखेपासून उचलू?
- आज किती किलोपासून सुरुवात करू, आणि काय झालं तर थांबून तुम्हाला कळवू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा फाइलमध्येच असतं. ऑपरेशननंतरच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये गाठींपुढे २/१७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १७ गाठी काढल्या आणि त्यांपैकी दोनमध्ये आजार सापडला. सूज येण्याच्या धोक्याच्या दृष्टीने खालचा आकडा महत्त्वाचा. एक-दोनच गाठी काढलेल्या बाईचा आणि १७ काढलेल्या बाईचा धोका सारखा नसतो, म्हणून शेजारणीला सांगितलेली मर्यादा आपल्याला लागू करू नये.

दुसरा प्रश्न सगळ्यांत गंभीर. आजार मणक्यात किंवा मांडीच्या हाडात पोहोचला असेल तर त्या भागावर वजन, कमरेतून वाकणं, पीळ देणं आणि उड्या टाळाव्याच लागतात. तरीही सगळा व्यायाम बंद होत नाही. बाकीच्या अंगाचा होतो, पण तो फिजिओथेरपिस्टने आखून दिलेलाच असावा. हार्मोनची गोळी म्हणून लेट्रोझोलसारखं औषध चालू असेल तर हाडं विरळ होतात आणि सांधे दुखतात. त्यांना वजनाचा व्यायाम हवाच असतो, फक्त सुरुवात हलकी हवी. लाल रंगाची केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा ट्रास्टुझुमॅब मिळालेल्यांनी इकोची खात्री करून घ्यावी, आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये. उचलताना सोडावा, खाली ठेवताना घ्यावा. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर झाले असतील तर उभ्याचे व्यायाम भिंतीजवळ करावेत, आणि वजन पायावर पडेल असं काही करू नये. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी, विशेषतः पोटावर पिशवी असलेल्यांनी, सर्जनच्या परवानगीशिवाय काहीच उचलू नये. तिथे हर्नियाची भीती खरी आहे.

हे सगळं एकच डॉक्टर सांगेल अशी अपेक्षा चुकीची आहे. टाके सर्जनचे, रक्त आणि हृदय केमो देणाऱ्या डॉक्टरांचं, हाताची पायरी फिजिओथेरपिस्टची. टाटा मेमोरियलमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे, पण तिथे आपण मागितल्याशिवाय चिठ्ठी मिळेलच असं नाही. मागावी. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय आणि कशेळे-चौकची ग्रामीण रुग्णालयं रक्त, रक्तदाब आणि जखम पाहू शकतात. त्यांना फाइलच्या मुख्य पानांची झेरॉक्स नेऊन द्यावी.

एक उदाहरण, आठवड्यागणिक

पद्धत समजावी म्हणून एक उदाहरण रचू. कशेळ्याच्या बाजूची एक बाई, वय ४८. उजव्या बाजूचं ऑपरेशन, १७ गाठी काढलेल्या, केमो आणि रेडिएशन जानेवारीत संपलेलं, लेट्रोझोल चालू. फेब्रुवारीच्या खेपेत ती फिजिओथेरपिस्टला विचारते, "मॅडम, कळशी उचलू का?" मॅडम म्हणतात, "उचलायची आहे ना मावशी, मग आधी रिकामी उचलून दाखवा."

तपासात हिमोग्लोबिन ९.८ निघतं, त्यावर औषध सुरू होतं. इको ठीक. हाडांत आजार नाही. तळपाय थोडे बधिर. रोजचा थकवा पाच. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात ती नऊ वेळा उठू शकते. दोन्ही हातांचं माप शिंप्याच्या टेपने चार जागी घेतलं जातं: मनगट, कोपराच्या दहा सेंटिमीटर खाली, दहा वर, आणि पंजाचा रुंद भाग. ते वहीत लिहून ठेवायचं आणि दर महिन्याला, सकाळच्याच वेळी, त्याच जागी पुन्हा घ्यायचं.

मार्चपासून मंगळवार आणि शुक्रवार ठरतात. सहा व्यायाम: खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून दंड, सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढणं, बाटलीने कोपरातून हात वाकवणं, भिंत धरून टाचा उचलणं, आणि स्टुलावरून कळशी उचलून परत ठेवणं. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तेच तिचं काम आहे. पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघे आणि कंबर दोन्ही वाकवायचे, पाठ सरळ, कळशी दोन्ही हातांनी पोटाजवळ धरायची आणि जोर मांड्यांनी लावायचा. पहिले दोन आठवडे कळशी रिकामी. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, एक फेरी. कुठलीही हालचाल आणखी दोन-तीन वेळा करता आली असती, इतकी ताकद राखूनच थांबायचं.

बाटलीत पहिल्या आठवड्यात पाव लिटर पाणी, म्हणजे पाव किलो. दोन सत्रं बिनतक्रार गेली की पाव किलो वाढ. तिसऱ्या आठवड्यात कळशीत दोन लिटर, पुढे दर आठवड्याला अर्धा लिटर जास्त. चौथ्या आठवड्यापासून दोन फेऱ्या. पाचव्या आठवड्याच्या शेवटी बाटली सव्वा किलोवर आणि कळशी तीन लिटरवर येते.

सहाव्या आठवड्यात मुंबईची खेप आणि पाठोपाठ नात्यातलं लग्न. दोन्ही सत्रं बुडतात. सातव्यात ती जिथे थांबली तिथून सुरुवात करत नाही, एक पायरी खाली येते: बाटली एक किलो, कळशी अडीच लिटर. खंडानंतर जुन्याच वजनावर उडी घेणं हे हात दुखावण्याचं नेहमीचं कारण आहे.

नवव्या आठवड्यात उजव्या हातातल्या बांगड्या संध्याकाळी रुतू लागतात आणि दंड जड वाटतो. टेप लावल्यावर कोपराच्या वरचं माप महिन्यापूर्वीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त येतं. ताप नाही, लाली नाही. ती हाताचे व्यायाम थांबवते, पायांचे चालू ठेवते आणि फिजिओथेरपिस्टला फोन करते. हात पाहून तिला दाब देणारी बाही मिळते. आठवडाभराने जडपणा जातो, माप पूर्ववत होतं. हाताचे व्यायाम निम्म्या वजनाने पुन्हा सुरू होतात. आणि कारणही वहीत सापडतं: त्या आठवड्यात व्यायामाशिवाय तिने तीन दिवस राबासाठी कवळाचे भारे वाहिले होते. हाताला भार व्यायामाचा आणि कामाचा असा वेगवेगळा कळत नाही, त्याच्या लेखी एकच बेरीज असते.

मेअखेर ती अर्ध्या मिनिटात १३ वेळा उठते. थकवा बहुतेक दिवशी तीनवर आहे, त्याचं काही श्रेय वाढलेल्या हिमोग्लोबिनलाही आहे. कळशीत तीन लिटरच्या आसपास. पूर्ण भरलेली कळशी अजून नाही, डोक्यावर हंडा तर नाहीच. जूनमध्ये ठरतं की आवणीला जायचं, पण अर्धा दिवस, तासाला दहा मिनिटं बांधावर बसायचं, चिखलात हातमोजा घालायचा, आणि रोपांच्या मुठी वाहून आणण्याचं काम मुलाने करायचं. आवणीच्या आठवड्यांत व्यायाम दोनाऐवजी एकच दिवस. पावसाळा सरल्यावर पुन्हा दोन दिवस, पुन्हा एक पायरी खालून.

तोंडाच्या ऑपरेशननंतरच्या पुरुषासाठी हीच पायरी चालते, व्यायाम थोडे बदलतात. ट्यूब मागे ओढून दोन्ही खवाटे जवळ आणणं आणि आडवं पडून हात वर नेणं आधी. ओघळलेल्या खांद्यावरून जड पिशवी लटकावणं किंवा गोण उचलणं नको, त्याने दुखावलेल्या नसेवर ताण येतो. खोपोली-रसायनीच्या कारखान्यात परतणाऱ्याने ‘हलकं काम’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी नेऊ नये. किती किलो, खांद्याच्या वर हात जाणारं काम चालेल की नाही, आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिच्यात लिहून घ्यावं.

कधी थांबायचं

हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, पुढच्या तारखेची वाट पाहू नये. गाठी काढलेल्या हाताला काटा, विळा लागला तर साबणाने धुऊन औषध लावावं आणि दोन दिवस लक्ष ठेवावं. ताप १००.४ अंशांवर असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर व्यायाम नाही. एकाच जागी हाडात दुखणं, तेही रात्री वाढणारं आणि विश्रांतीने न थांबणारं, हे व्यायामाचं दुखणं समजू नये. पाठदुखीबरोबर पाय लटके पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर ती तातडीची वेळ असते आणि तासांचा उशीरही महाग पडतो.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की उपचारांनंतर वजन उचलणं वर्ज्य नाही, आणि वाटेल तितकं मोकळंही नाही. मर्यादा हा एक आकडा आहे. तो कागदपत्रं पाहून ठरतो, अंगाला विचारून वाढतो आणि काही बिघडलं की खाली येतो. म्हणून डॉक्टरांना विनंती आहे की डिस्चार्ज कार्डावर ‘जड उचलू नये’ लिहिताना त्यापुढे किलो आणि तारीखही लिहावी. आणि घरच्यांना विनंती ही की तो आकडा पंधरा किलोपर्यंत जाईस्तोवर हंडा तुम्ही भरा.